न वाचलेला कागद

रात्रपाळी संपवून सिस्टर घरी आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तिला फक्त आडवं व्हायचं होतं. सिस्टर म्हणजे या घराची धाकटी सून. इस्पितळात ती परिचारिका होती, आणि लग्न होऊन आली त्या आठवड्यातच थोरल्या दिराने चेष्टेने तिला सिस्टर म्हटलं. ते असं चिकटलं की आता सासूबाईही तसंच म्हणत. नवरा कामाच्या जागी, महिन्यातून दोनदा उगवणारा. त्यामुळे घरात काही लिहायचं, आणायचं, उचलायचं झालं की हाक तिलाच.

"सिस्टर, दमली असशील," सासूबाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, वर पेपरवेट म्हणून वाटी. "चहा घे. मग अर्धा तास दे मला. पत्र लिहायचंय."

"आई, दुपारी लिहू या?"

"दुपारी सगळे येणार. त्याच्या आत कच्चं तयार हवं. चारला टपालपेटी उघडतात, आणि उद्या रविवार."

सिस्टरने चप्पलही काढली नव्हती. पण गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सासूबाईंना तीच घेऊन गेली होती, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिनेच ऐकलं होतं. नजरेचा मधला भाग जातोय. कडेचं दिसत राहील, पण वाचणं-लिहिणं आता थोडेच महिने. आत्तासुद्धा सासूबाईंना समोरच्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. बोलताना त्या मान जराशी वळवून बघत, आणि नवख्याला वाटे की बाई फटकून वागताहेत.

तिने चहा ओतला आणि पेन घेतलं.

"कोणाला लिहायचंय?"

"गोटीला."

गोटीचं नाव सिस्टरने बारा वर्षांत दोनदाच ऐकलं असेल. सासूबाईंची शाळेतली मैत्रीण. बुटकी, गोल आणि कुठेही घरंगळत जाणारी, म्हणून गोटी. सासूबाई उंच आणि काटकुळ्या, म्हणून दोरी. पुढे काहीतरी बिनसलं आणि चव्वेचाळीस वर्षं दोघींत चकार शब्द नाही. गेल्या महिन्यात मात्र शाळेत शिकवणाऱ्या नणंदेला एका प्रशिक्षणात गोटीची भाची भेटली. दुसऱ्या गावात मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करून निवृत्त झालेली, आता एकटी राहणारी मावशी, असं तिने सांगितलं. पत्ता दिला. आणि म्हणाली, मावशी अजून दोरीची आठवण काढते.

"पत्रास कारण की," सिस्टरने लिहायला सुरुवात केली.

"खोड ते. पत्रास कारण की म्हणजे नळाची तक्रार. लिही, प्रिय गोटीस, दोरीचा सप्रेम नमस्कार. आणि नमस्काराच्या आधी एक मोठ्ठी हाक. तू पलीकडच्या गच्चीवर असताना मी अलीकडच्या गच्चीवरून मारायची, तसली. ऐकू आली का?"

सिस्टरने लिहिलं. मग म्हणाली, "इतक्या वर्षांनी लिहितोय तर आधी उशिराबद्दल काहीतरी नको?"

"पहिल्या चार ओळींत नको. पहिल्या चार ओळींत तिला हसू यायला हवं. हसली तर ती बसेल आणि पुढचं वाचेल. माफी मागत दारात उभी राहिले तर ती कागद बाजूला ठेवेल. मीही ठेवला असता."

सिस्टरला हे पटलं. सुई टोचायच्या आधी ती रुग्णाला असंच कुठलं गाव, किती नातवंडं विचारत असे. तिला ते कधी फसवणं वाटलं नव्हतं.

मग आठवणी निघाल्या. सासूबाई एकेक सांगत आणि लगेच तपासत. ही माझी एकटीची, तिला ठाऊक नसणार, गाळ. ही तिच्या सासरची, तिला बोचेल, गाळ. दोघींनी जे बघितलं तेवढंच ठेवायचं. पाच आठवणींतून दोन उरल्या.

"तुझ्या दादाची सायकल आठवते?" सासूबाई सांगत होत्या. "मी चालवायची आणि तू मागे उलटं तोंड करून बसायचीस, मागून कोण येतंय ते सांगायला. पुढून काय येतंय ते कोणीच बघत नव्हतं. उतारावर ब्रेक गेला आणि आपण थेट न्हाव्याच्या दुकानात. खुर्चीतल्या गृहस्थांची अर्धी मिशी गेली. त्यांनी उरलेली अर्धी तशीच ठेवली होती, चार दिवस, रागाने. लिहिलंस?"

"लिहिते आहे," सिस्टर हसत म्हणाली. झोप जरा मागे सरली होती.

"आणि निबंध. गणितं ती करायची माझी, निबंध मी लिहायची तिचे. एकदा दोघींच्या निबंधात दोघींची आजी एकाच दिवशी एकाच पायरीवरून घसरून वारली. बाई म्हणाल्या, ती पायरी आधी दुरुस्त करून घ्या."

मग पत्ता कसा मिळाला ते, म्हणजे तिला वाटायला नको की कोणी पाळत ठेवली. मग चार ओळींत घरचं: तीन मुलं, नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, नवऱ्याची बहीण अजून सोबतीला आहे. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

"सांगायला नको?" सिस्टरने विचारलं.

"नको. मग ती दयेने उत्तर देईल. मला तसलं उत्तर नको. आणि शेवटी प्रश्न एकच ठेव. दहा प्रश्न विचारले की माणूस दडपून जातं आणि एकाचंही उत्तर देत नाही. विचार, त्या न्हाव्याच्या दुकानातल्या पोपटाला तू काय शिकवलं होतंस गं? मला आठवत नाही."

"खरंच आठवत नाही?"

"आठवतं की. पण तिला सांगू दे."

कागद भरला. सिस्टर उठायला लागली, तर सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "अजून एक काम. दुसरा कागद मी माझ्या हाताने लिहिणार आहे. ओळी एकावर एक चढतात. काही करता येईल?"

सिस्टरने औषधांचं रिकामं खोकं घेतलं, त्याचा पुठ्ठा कागदाच्या मापाचा कापला आणि त्यात बोटभर रुंदीच्या आडव्या खिडक्या पाडल्या, एकाखाली एक, नऊ. पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि खिडकीच्या कडेला टेकवत लिहीत जायचं. शाई जाड, काळी. एक खिडकी संपली की डाव्या हाताचं बोट खालच्या खिडकीत. इस्पितळात तिने हे करून दिलेलं होतं. सासूबाईंना पहिल्याच ओळीत जमलं.

त्या नऊ खिडक्या भरायला सासूबाईंना तासभर लागला. सिस्टर ओट्याशी भाजी चिरत उभी होती. मधे एकदा तिला वाटलं, रडताहेत. बघितलं तर नुसत्याच थांबल्या होत्या, बोट सहाव्या खिडकीत.

*

या घराची एक रीत होती आणि थोरल्या मुलाला तिचा अभिमान होता. त्याचे आजोबा पोस्टमास्तर. घरातून जाणारं प्रत्येक पत्र आधी कच्चं लिहायचं, जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचायचं, ज्याला सुचेल त्याने एकेक ओळ घालायची, आणि घरातल्या सगळ्यात वडील माणसाने पाकीट बंद करायचं. येणारं पत्रही तसंच. ज्याच्या नावाचं असेल त्याने टेबलाशी वाचून दाखवायचं. आजोबा म्हणत, पत्र हे घराचं असतं, हात फक्त एकाचा. आजोबा गेले, वडील गेले, फोन आले, पत्रं वर्षाला दोन-तीनवर आली. रीत राहिली.

थोरला पाणीपुरवठा खात्यात होता. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी यायचा, आणि घरात तरी सगळं ठरल्याप्रमाणे व्हावं एवढीच त्याची अपेक्षा असे. ती सहसा पुरी होत नसे. गुरुवारीच केवढं वाजलं होतं. आईचे डोळे गेल्यावर आईकडे कोणी बघायचं यावर बोलणं निघालं आणि त्याची शिक्षिका बहीण, जिला सगळे ताई म्हणत, फटकन म्हणाली की माझ्या दोन खोल्यांत जागा नाही. त्याने म्हटलं, मग मी काय सकाळ-संध्याकाळ सुट्टी काढू? आई शेजारच्या खोलीत होती. दार उघडं होतं, हे दोघांच्या लक्षात नंतर आलं.

आज जेवणं शांततेत झाली. टेबलाच्या टोकाला आत्या बसली होती, वडिलांच्या पाठची बहीण. ऐंशी वर्षांची, ताठ, पुढ्यात गोंदाची बाटली. आजोबांच्या नंतर वडील, वडिलांच्या नंतर पाकीट बंद करायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि ती ते मन लावून करी.

सिस्टरने वाचायला घेतलं. हाक झाली, सायकल झाली. अर्ध्या मिशीवर थोरला इतका हसला की त्याला ठसका लागला. आई अशी लिहिते हे त्याला ठाऊकच नव्हतं. आजीच्या पायरीला ताईसुद्धा हसली, आणि लगेच म्हणाली, "मोठ्ठी हाक असं लिहू नये, मोठी पुरे."

"मोठ्ठीच राहू दे," आई म्हणाली. "मोठी हाक तिसऱ्या घरापर्यंत जाते. मोठ्ठी गच्चीपर्यंत."

"मी माझी ओळ सांगतो," थोरला म्हणाला. "लिही सिस्टर, आईच्या डोळ्यांचा त्रास वाढला आहे, तरी एकदा भेटून जावे."

"नको," आई म्हणाली.

"अगं, कळवायला नको? उद्या ती म्हणेल, सांगितलं नाही."

"तिला यावंसं वाटलं तर ती माझ्यासाठी येईल. डोळ्यांसाठी नको."

थोरल्याने हात वर केले. बरं बाबा. मग त्याने कागद मोजले. सिस्टरच्या हाताखाली अजून एक घडी होती.

"ते काय आहे?"

"दुसरा कागद," सिस्टर म्हणाली, आणि सासूबाईंकडे बघितलं.

"पुढे वाच की."

सिस्टरने घडी उघडली नाही.

"पुढे वाच," थोरला पुन्हा म्हणाला.

आईचा हात टेबलावर होता. तो मागे गेला, मांडीवर. "तो वाचायचा नाही," ती म्हणाली. "तो तसाच जाईल."

 ताईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"आई," थोरला सावकाश म्हणाला, "या घरातून न वाचलेलं पत्र कधी गेलेलं नाही. आजोबांनी आत्याच्या नवऱ्याला लिहिलेलं पत्रसुद्धा वाचलं गेलं होतं. आणि त्यात काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

"त्यात तुला काय करायचंय?" ताई मधे पडली. "पत्र तिचं, मैत्रीण तिची. बायकांच्या चार गोष्टी असतात. तुला सगळ्यात नाक खुपसायची सवयच आहे. खात्यातल्यासारखा अर्ज तपासतोस."

"आणि तुला कळलं नाही वाटतं त्यात काय असेल?" थोरल्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तो दमलेला होता. "गुरुवारी आपण बोललो. शनिवारी ती चव्वेचाळीस वर्षांनी मैत्रिणीला पत्र लिहिते. ती मैत्रीण एकटी राहते. मुलं सांभाळत नाहीत, मला तुझ्याकडे ने, असं असेल त्यात. दुसरं काय असणार?"

ताईचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तर ती आईच्या बाजूने बोललीच नसती.

"आई," ती म्हणाली, आणि आता तिचा सूर वर्गातला झाला, "तसं काही असेल तर परक्या बाईला कळवण्याआधी आम्हाला कळायला हवं. वाचूनच टाकू या ना. मग घाल पाकिटात."

पाच मिनिटांत ताई या बाजूची त्या बाजूला गेली. सिस्टरला हसू आलं असतं, पण तिचे डोळे मिटत होते. तिने कागदाच्या घडीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

"सिस्टर, दे इकडे," थोरला म्हणाला.

"दादा, मी नाही देणार," सिस्टर म्हणाली. "त्यांनी मला दिलाय."

*

मग आईने सांगितलं. सांगायचं असं तिने ठरवलं नव्हतं. पण कागद वाचायचा नसेल तर निदान तो का वाचायचा नाही हे सांगावं लागणार, हे तिला दिसत होतं. आणि तिला फार कंटाळा आला होता, इतकी वर्षं न सांगण्याचा.

"गोटीचं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते," ती म्हणाली. "सासरी तिचे हाल होते. मारहाण होती. तिने कोणाला न सांगता टेलिफोनच्या कचेरीत नोकरी मिळवली होती, दुसऱ्या शहरात. बुधवारी सकाळच्या गाडीने निघणार होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिने ते मला लिहिलं. फक्त मला. खाली लिहिलं होतं, हे वाचून फाडून टाक."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय. पत्र आलं, ते टेबलावर आलं. मामंजी म्हणाले, वाच. मीही आधी बघितलं नव्हतं. पहिलं पान असंच होतं, हसायचं. सगळे हसत होते. पान उलटलं आणि मला खालच्या ओळी दिसल्या. वाचायच्या आधी दिसल्या. मी थांबले. मामंजी म्हणाले, पुढे वाच."

थोरल्याने मान वर केली.

"तेव्हा मला गाळता आलं असतं," आई म्हणाली. "दोन ओळी काहीतरी पोराबाळांचं घालून पान संपवता आलं असतं. कोण येऊन बघणार होतं? पुढे शिकले मी ते. पुढे तुमच्या मामाची, मावशीची, सगळ्यांची पत्रं मी गाळूनच वाचली. चाळीस वर्षं. तुमच्या आजोबांना कधी कळलं नाही. पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही. सासऱ्यांनी पुढे वाच म्हटलं आणि मी पुढे वाचलं. फाडून टाक हेसुद्धा वाचलं."

"आणि बाहेर गेलं ते?"

"गेलं. बुधवारी तिचे दोघे दीर स्टेशनवर उभे होते. अकरा वर्षं ती अजून त्या घरात राहिली. ते परवा मी भाचीला फोन केला तेव्हा मला कळलं, अकरा. मी दोन-तीन धरून चालले होते."

"पण कोणी सांगितलं त्यांना?" थोरल्याने विचारलं.

"आता काय त्याचं," आई म्हणाली. "महिन्याने तिचं एक पाकीट आलं. पोस्टमनच्या हातून मीच घेतलं, दारात. एक ओळ होती. मी फक्त तुला लिहिलं होतं. बस. ते मी टेबलावर आणलं नाही. या घरात न वाचलेलं तेवढं एकच पत्र. आज दुसरं. त्यात तुमच्याबद्दल काही नाही. मला कुठे जायचंही नाही. माझी चूक आहे ती मी तिला लिहिलीय. ती ऐकायचा हक्क तिचा आहे, तुमचा नाही."

 थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता. पत्रं वाचायची दुपार त्याला आवडायची, कारण सगळी मोठी माणसं एकदम हसायची. तो टेबलाखाली बसायचा. एकदा हसणं मधेच थांबलं होतं आणि आईची पावलं एकमेकांवर चढली होती. ते का लक्षात राहिलं हे त्याला आजवर कळलं नव्हतं. आणि मघाशी तो दोनदा म्हणाला होता, पुढे वाच.

"पेटी चारला उघडतात ना?" तो म्हणाला. "मी टाकून येतो. बंद करा."

 ताई उठली, सगळ्यांची ताटं एकावर एक ठेवली आणि मोरीत नेली. जाताना तिने सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "जा गं, झोप जा. मी आवरते."

*

 सगळे उठले तरी आत्या बसून होती. दोन्ही कागद तिच्यापुढे आले, पाकीट आलं. पाकिटावर पत्ता सिस्टरच्या अक्षरात, मागे पाठवणारीचा पत्ता आणि फोन. आता फक्त गोंद लावायचा.

आपण तेव्हा काळजीपोटी बोललो, असं आत्या स्वतःला सांगत आली होती. शिंप्याच्या दुकानात गोटीची याच गावात दिलेली नणंद भेटली. एकटी बाई परक्या शहरात जाणार, काही बरंवाईट झालं तर, असं आत्याने तिला म्हटलं होतं. शब्द काळजीचेच होते. पण आत्या तेव्हा छत्तीस वर्षांची होती. नवऱ्याने परत पाठवलेली, माहेरी मागच्या खोलीत राहणारी. तिच्याबद्दलचं पत्र याच टेबलाशी वाचलं गेलं होतं आणि सगळ्यांनी एकेक ओळ घातली होती. आणि ही कोण कुठली बुटकी पोर स्वतःच्या पायांनी बाहेर पडते, नोकरी धरते, कोणाला विचारत नाही. आत्याला ते सहन झालं नाही. इतकं साधं होतं ते. चव्वेचाळीस वर्षांत तिने ते एकदाही धड शब्दांत मांडलं नव्हतं, आणि आता मांडल्यावर तिला फक्त थकवा आला.

"वहिनी," ती म्हणाली. "त्या कागदात माझं नाव आहे?"

आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, म्हणजे आत्याकडे बघत होती. "नाही, वन्सं."

"तुला माहीत होतं?"

"शिंप्याने मला त्याच आठवड्यात सांगितलं. ब्लाउज आणायला गेले होते."

आत्याच्या हातातली गोंदाची बाटली टेबलावर टेकली. चव्वेचाळीस वर्षं या बाईने तिला सकाळचा चहा दिला होता. तापात पाय चेपले होते. भांडणंही झाली होती, मिठावरून, खिडकी उघडी टाकण्यावरून, नको तितकी. आणि एकदाही तिने हे तोंडावर फेकलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? वाचलं मी होतं. तुमच्यावर घातलं असतं तर माझ्याकडे काय उरलं असतं? आणि रागही आला तुमचा. पुष्कळ वर्षं आला. मग तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग हे गेले. राग धरायला सवड लागते वन्सं, मला कुठे होती?"

आत्या हसली नाही. तिने पाकीट बाजूला सारलं. "तो पुठ्ठा कुठे आहे तुझा? खिडक्यांचा."

"तुम्हाला कशाला? तुम्हाला दिसतंय की."

"हात कापतो. ओळ घालायचीय. माझी राहिलीय."

पुठ्ठा आला, जाड शाईचं पेन आलं. दुसऱ्या कागदाची पाठ कोरी होती. आत्याने वरच्या खिडकीत बोट ठेवलं आणि लिहायला लागली. एक ओळ, मग दुसरी, मग तिसरी. एका ओळीची रीत होती, तिने पाच घातल्या. थोरला दारात चपला घालून उभा होता. घड्याळात साडेतीन झाले, पावणेचार झाले. त्याने घाई केली नाही.

पेन ठेवून आत्याने कागद उचलला, हात लांब केला आणि घसा साफ केला. सवयच ती. ऐंशी वर्षांची.

"वाचू नका, वन्सं," आई म्हणाली. "घाला पाकिटात."

"तुला नको ऐकायला?"

"तिला आधी."

आत्याने घडी घातली. हसरा कागद वर, दुसरा खाली. गोंद जरा जास्तच लागला, कडेने बाहेर आला, तो तिने पदराने पुसला. थोरला पाकीट घेऊन गेला. जिन्यावरून त्याची पावलं भराभर उतरली आणि रस्त्यावर विरली. आतल्या खोलीत सिस्टर पडदा न ओढताच झोपली होती. मोरीत ताई ताटं घासत होती.

"किती दिवस लागतील?" आत्याने विचारलं.

"जायला चार. यायला चार. तिने लिहिलं तर."

"नाही लिहिलं तर?"

"नाही लिहिलं तर नाही. तिची मर्जी."

 टेबलावर पुठ्ठा होता, त्याच्या खिडक्यांच्या कडा शाईने काळ्या झालेल्या.

"आणि आलं," आत्या म्हणाली, "तर तोवर तुला वाचता येईल का गं?"

"नाही बहुतेक." आईने मान वळवली, आत्याचे कान दिसतील इतकी. "तुम्ही वाचा, वन्सं. मागच्या खोलीत. दार लावून, मला एकटीला."

आत्याने गोंदाच्या बाटलीचं झाकण लावलं. एकदा नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा लावलं.

"मी?" ती म्हणाली.

"तुम्हीच."

"गाळून वाचू, की सगळं?"

"सगळं," आई म्हणाली.